कुवेत : कंपनी एक्झिट परमिट देत नाही, पासपोर्टही तिच्याकडेच. भाऊ घरी कसा येणार?

खाडीकाठची

नमस्कार. इथे मी एरवी फक्त वाचते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय.

आम्ही खेड तालुक्यातले. माझा धाकटा भाऊ कुवेतला एका केटरिंग कंपनीत सहा वर्षं कामाला आहे. शून व्हिसा, म्हणजे कलम १८, खासगी कंपनीतल्या कामगाराचा. पगार दीडशे दिनार. दोन वर्षं घरी आलेला नाही. गेल्या आठवड्यात अब्बांना अटॅक आला, मुंबईत बायपास ठरलंय. तारीख बरोबर बारा दिवसांवर आहे.

त्याने सहल या सरकारी ॲपवरून एक्झिट परमिटचा, म्हणजे देश सोडायच्या परवानगीचा, अर्ज केला, त्याला पाच दिवस झाले. कंपनीच्या मंजुरीसाठी थांबलाय असंच दिसतं. सुपरवायझर म्हणतो, "माणसं कमी आहेत. जायचंच असेल तर राजीनामा लिही, मग बघू." पासपोर्ट अकामा, म्हणजे तिथे राहायचा परवाना, रिन्यू करायला म्हणून मंदूबने, म्हणजे कंपनीची सरकारी कामं करणाऱ्या माणसाने, नेला तो मार्चपासून त्यांच्याकडेच आहे. त्यात दोन महिन्यांचा पगार थकलेला.

राजीनामा द्यावा का? दिला तर सुटेल का? तक्रार केली तर उलट अडकवतील अशी त्याला भीती वाटते. आमच्या वाडीतला एकजण असाच "पळून गेलेला" म्हणून नोंदला गेला होता, तो दीड वर्ष लपून राहिला.

बिनधास्त_बाळू

ताई, घाबरू नका. कफाला पद्धत, म्हणजे कामगाराचं सगळं मालकाच्या परवानगीवर चालायचं ती, आता बंद झालीय, पेपरात आलं होतं. एक्झिट परमिट वगैरे सगळं काढून टाकलं. त्याला म्हणावं, तिकीट काढ आणि सरळ एअरपोर्टवर जा. फार तर पासपोर्ट हरवला म्हणून पोलिसात सांग, एम्बसी दुसरा देते. माझ्या मेव्हण्याच्या मित्राने तेच केलं.

दोहा_डायरी

बाळू, तुम्ही वाचलं ते खरं आहे, पण देश वेगळा. कतारने २०१८ मध्ये बहुतेक कामगारांचं एक्झिट परमिट काढलं आणि २०२० मध्ये घरकामगारांसकट उरलेल्यांचं. मी दोह्यात त्या काळात होतो. सौदीत मार्च २०२१ पासून खासगी कंपनीतला माणूस एक्झिट री-एन्ट्री स्वतः काढू शकतो, घरगुती कामगार आणि ड्रायव्हर त्यातून वगळले. कुवेत मात्र उलट दिशेने गेलं. तिथे १ जुलै २०२५ पासून कलम १८ च्या माणसाला एक्झिट परमिट सक्तीचं झालं. त्याआधी सुट्टीला येताना लागत नव्हतं.

तेव्हा ताईंच्या भावाने एअरपोर्टवर जाऊ नये. काउंटरवरून परत पाठवतील, तिकिटाचे पैसेही जातील.

फरवानियाकर

मी कुवेतमध्ये चौदा वर्षं एका कॉन्ट्रॅक्टिंग कंपनीच्या पगार खात्यात होतो. मंदूबसोबत शूनच्या, म्हणजे कामगार खात्याच्या, खिडकीवर बरेच दिवस काढलेत, त्यामुळे कागद दोन्ही बाजूंनी बघितलेत.

ताई, सगळ्यात आधी: राजीनामा लिहू नका. भावाला आजच फोन करून सांगा. कोऱ्या कागदावर सही नाही आणि न वाचता येणाऱ्या अरबी कागदावरही नाही. "फक्त सुट्टीचा फॉर्म आहे" म्हणून पुढे केलेला कागद राजीनाम्याचा निघालेला मी डोळ्यांनी बघितलाय.

कंपनीने तीन वेगळ्या गोष्टींची एकच गाठ मारलीय. सुट्टी ही एक, एक्झिट परमिट दुसरी, राजीनामा तिसरी. आधी ती गाठ सोडवायची.

सुट्टी कधी द्यायची ते ठरवायचा हक्क कुवेतच्या कायद्याने मालकाला आहे. "या महिन्यात माणसं कमी आहेत" असं तो म्हणू शकतो, आवडो न आवडो. पण वर्षाला तीस दिवसांची भरपगारी सुट्टी हा कामगाराचा हक्क आहे, आणि दोन वर्षांची साठलेली सुट्टी असताना बापाच्या ऑपरेशनलाही ती नाकारणं हे शूनच्या अधिकाऱ्यासमोर सांगायला कंपनीला जड जातं. एक्झिट परमिट म्हणजे मालकाने संगणकावर दिलेली संमती, दुसरं काही नाही. मालकाने विनाकारण अडवलं तर मनुष्यबळ प्राधिकरणाच्या कामगार संबंध विभागात (आपली माणसं अजून त्यालाच शून म्हणतात) तक्रार करता येते. हे नियम आणताना प्राधिकरणानेच जाहीर केलंय. राजीनाम्याचा मात्र यातल्या कशाशीच संबंध नाही. कंपनी तो मागतेय कारण त्यात तिचा फायदा आहे.

किती फायदा, ते रात्री आकड्यांत लिहितो. आत्ता दुकानात आहे.

मडगावची_लीना

माझी मावशी कुवेतला साल्मियाला एका घरात नऊ वर्षं होती, खादिम, म्हणजे घरकामाच्या, व्हिसावर. तिचा पासपोर्ट मालकिणीच्या कपाटात असायचा. मावशी म्हणायची, "चांगली बाई आहे, सांभाळून ठेवते." मालकिणीच्या आईचं आजारपण आलं तेव्हा मात्र एक वर्ष सोडलंच नाही. खादिमला पण हे परमिट लागतं का?

फरवानियाकर

लीना, २०२५ चा नियम कलम १८ चा, म्हणजे कंपनीवाल्यांचा. घरकाम कलम २० मध्ये येतं. त्यांचा कायदा वेगळा, २०१५ चा ६८ क्रमांकाचा. त्यात मालकाने पासपोर्ट किंवा सिव्हिल आयडी ठेवायचा नाही असं लिहिलंय, पण "कामगाराची संमती नसेल तर" अशी पळवाट आहे. म्हणून पहिल्याच दिवशी "मी माझ्या मर्जीने पासपोर्ट ठेवायला दिला" अशी सही घेतात. मावशींनीही केली असणार.

कंपन्यांसाठी २००७ पासून सरळ मनाई आहे. तरी मी होतो त्या कंपनीत सातशे पासपोर्ट एका लोखंडी कपाटात होते. किल्ली माझ्या साहेबाकडे. कोणी तपासायला आलं की "रिन्यूअलसाठी आणलेत" हे उत्तर तयार. ताईंच्या भावाला तेच सांगितलंय बघा. अकाम्याचं काम झालं की पासपोर्ट हातात यायला हवा. मार्चपासून आजपर्यंत रिन्यूअल चालत नाही.

पिंपळपान

इतक्या भानगडीत कशाला पडता? कंपनीचं नाव, सुपरवायझरचा फोटो टाकून परराष्ट्र मंत्र्यांना टॅग करा. दोन तासांत हालचाल होते. मी स्वतः अशी तीन प्रकरणं पाहिली आहेत.

दोहा_डायरी

टॅग ताई इथून करू शकतात, पण भावाच्या अकाउंटवरून कंपनीचं नाव आणि फोटो जाऊ नये. आखातात बदनामी आणि सायबर गुन्ह्याचे कायदे कडक आहेत. फोटो टाकणारा आरोपी होतो, आणि पगार थकवणारा फिर्यादी. व्हॉट्सॲप ग्रुपवर शिवी दिली म्हणून पोलीस ठाण्यात गेलेला माणूस माझ्या शेजारच्या खोलीत होता.

फरवानियाकर

आता आकडे.

पगार १५०, नोकरी सहा वर्षं. कुवेतमध्ये दिवसाचा पगार काढताना महिन्याचे २६ दिवस धरतात, म्हणजे रोज ५.७७ दिनार. सेवा संपताना पहिल्या पाच वर्षांचे दरवर्षी पंधरा दिवस, म्हणजे ७५ दिवस, साधारण ४३३ दिनार. सहाव्या वर्षाचा पूर्ण महिन्याचा पगार, १५०. एकूण साधारण ५८३ दिनार.

पण त्याने स्वतः राजीनामा दिला तर पाच ते दहा वर्षांच्या नोकरीला यातले दोन तृतीयांशच मिळतात. ५८३ चे झाले ३८९.

आणखी एक मेख आहे, ती कोणी सांगत नाही. महिन्याच्या पगारावरच्या माणसाला तीन महिन्यांची नोटीस द्यावी लागते. आज राजीनामा देऊन बारा दिवसांत विमानात बसायचं म्हणजे नोटीस मोडली. मग कंपनी तीन महिन्यांचा पगार मागू शकते, ४५० दिनार. ३८९ येणं, ४५० देणं! साठलेल्या सुट्टीचे पैसे आणि थकलेला पगार तिथेच वळता होईल, आणि "मला सगळं मिळालं" अशा कागदावर सही घेऊन पासपोर्ट हातात ठेवतील. सुपरवायझर भोळेपणाने राजीनामा मागत नाहीये.

त्याला नोकरी सोडायचीच असेल तर दुसरा रस्ता आहे. मालकाने करार किंवा कायदा मोडला असेल तर कामगार नोटीस न देता नोकरी सोडू शकतो आणि पूर्ण ५८३ मागू शकतो. २०१० च्या कामगार कायद्याचं ४८ वं कलम. पण ते सिद्ध करावं लागतं, आणि त्याला वेळ लागतो. बारा दिवसांत ते होणार नाही. आत्ता फक्त सुट्टी आणि परमिट मागायचं, हिशोबाचं नंतर.

खाडीकाठची

डोकं बधिर झालं. सुपरवायझर काल म्हणत होता, "राजीनामा दे, तीन दिवसांत सोडतो." आम्ही होच म्हणणार होतो. अम्मी तर म्हणत होती, नोकरी गेली खड्ड्यात, पोराला येऊ दे.

तो उद्या कामावर न जाता थेट शूनमध्ये जाऊ का विचारतोय. आणि बाळूभाऊ म्हणतात तसं पासपोर्ट हरवल्याचं सांगावं का?

फरवानियाकर

दोन्ही नको.

पासपोर्ट कंपनीकडे आहे हे माहीत असताना पोलिसात "हरवला" सांगणं ही खोटी तक्रार. कंपनीने पासपोर्ट टेबलावर ठेवला की तो खोटारडा ठरतो. एम्बसी भारतात परतण्यापुरतं इमर्जन्सी सर्टिफिकेट देते हे खरं, पण परमिट सिव्हिल आयडीच्या नंबरवर बघतात. नवीन कागद हातात आला तरी परमिटचा प्रश्न तिथेच राहणार. शिवाय त्या सर्टिफिकेटवर एकदाच इकडे येता येतं, सुट्टीवरून परत जायचं असेल तर ते कामाचं नाही.

कामावर न जाणं त्याहून धोक्याचं. तुमच्या वाडीतल्या माणसाचं तेच झालं असणार. माणूस दिसेनासा झाला की कंपनी "गैरहजर, फरार" अशी नोंद टाकते. मग अकामा जातो, पकडलं तर डिपोर्ट. म्हणून त्याने रोज ड्युटी करायची, हजेरीचं बोट लावायचं, राहायचंही कंपनीच्या खोलीतच. तक्रार सुट्टीच्या दिवशी किंवा ड्युटी संपल्यावर. कामावर हजर असलेल्या आणि आधीच तक्रार नोंदवलेल्या माणसाला फरार दाखवणं कंपनीला अवघड जातं. नंतर दाखवलंच, तर तक्रारीची आधीची तारीख त्याच्या बाजूने बोलते. क्रम चुकला तर हेच सगळं उलटं वाचलं जातं.

आज रात्री त्याने करायचं ते असं. सिव्हिल आयडीच्या दोन्ही बाजू, इज्न अमल म्हणजे वर्क परमिट, करार, परमिटच्या अर्जाचा स्क्रीनशॉट तारखेसकट, आणि बँकेचं सहा महिन्यांचं स्टेटमेंट. कुवेतमध्ये पगार बँकेतूनच द्यावा लागतो, त्यामुळे दोन महिने पैसे आले नाहीत हे स्टेटमेंट स्वतःच सांगेल. सगळ्यांचे फोटो तुमच्याकडे पाठवायचे. त्याचा फोन कंपनीने दिलेला असेल, तर दुसऱ्याच्या फोनवरून.

मग कंपनीच्या एचआरला एकच मेसेज किंवा मेल. इंग्रजीत, साध्या शब्दांत. वडिलांचं ऑपरेशन अमुक तारखेला आहे, हॉस्पिटलचं पत्र जोडलंय, तीस दिवसांची सुट्टी हवी, परतीचं तिकीट दाखवतो, परमिट मंजूर करा आणि पासपोर्ट द्या. यात थकलेल्या पगाराचा "प" सुद्धा नको. पगाराची तक्रार आणि सुट्टीची विनंती एका कागदावर आली की एचआरवाला ती थेट वकिलाकडे पाठवतो आणि आठवडा जातो. हे मी त्या खुर्चीवर बसून केलंय, म्हणून सांगतो.

गॅरेजवाले_काका

मी गप्प बसणार होतो. माझं कुवेतमध्ये छोटं गॅरेज आहे, आठ पोरं. माझ्याकडचा एकजण कंपनीच्या नावावर कर्ज आणि फोनची बिलं करून सुट्टीला गेला तो आलाच नाही. भरले मी. मालक म्हणजे राक्षसच अशी चर्चा होते म्हणून लिहिलं. आम्हाला परमिटमुळे निदान माणूस कधी निघतोय ते कळतं.

पण ताई, बापाच्या ऑपरेशनला मी कोणाला अडवलेलं नाही आणि पासपोर्ट ज्याचे त्याच्याकडेच आहेत.

दोहा_डायरी

काका, कर्ज बुडवणाऱ्यासाठी कोर्टाची प्रवासबंदी आधीपासून होतीच की. ती न्यायाधीश लावतो. परमिट मालक अडवतो. दोन्ही एक कसं?

(ताई, भावाच्या नावावर टेलिफोन कंपनीचं किंवा बँकेचं काही थकलेलं नाही ना, हे आत्ताच बघायला सांगा. परमिट मिळूनही लोक त्या बंदीमुळे काउंटरवर अडकतात.)

गॅरेजवाले_काका

कोर्टात जायला मला वकील लागतो, सहा महिने लागतात. तोवर माणूस केरळात. असो, हा धागा माझा नाही.

खाडीकाठची

कागद आले. हॉस्पिटलचं पत्र मिळालं, इंग्रजीत करून घेतलं. थकबाकी काही नाही म्हणतो. मेल काल रात्री गेला, अजून उत्तर नाही. मी इथून काय करू? नुसती बसून आहे.

फरवानियाकर

तुम्ही करण्यासारखं बरंच आहे, आणि त्यात त्याला धोका नाही.

`madad.gov.in` वर घरचं माणूस तक्रार नोंदवू शकतं. देश कुवेत निवडा, ती थेट तिथल्या दूतावासाकडे जाते आणि नंबर मिळतो. विषय एकच ठेवा: वैद्यकीय कारणासाठी सुट्टी, परमिट अडलंय, पासपोर्ट कंपनीकडे. भावाला एम्बसीच्या कामगार विभागात तोच नंबर घेऊन जाऊ द्या. एम्बसी परमिट देऊ शकत नाही, हे आधीच समजून घ्या, नाहीतर निराशा होते. ती कंपनीला फोन करते, पत्र देते. पुष्कळदा मधल्या साहेबाला तेवढाच फोन पुरतो, कारण वरच्या मालकाला यातलं काहीच माहीत नसतं.

दोन दिवसांत हललं नाही तर शून. तक्रार लेखी किंवा ऑनलाइन, आणि पावतीचा नंबर घेतल्याशिवाय खिडकी सोडायची नाही. ते कंपनीच्या मंदूबला बोलावतात. समेट झाला नाही तर महिनाभराने प्रकरण कोर्टात जातं, कामगाराला कोर्ट फी नसते. परमिटच्या बाबतीत मात्र नुसत्या बोलावण्यानेच काम होऊन जातं, असं माझे तिथले मित्र सांगतात. किती दिवसांत, याची हमी मी देणार नाही.

आणि कृपा करून, दोनशे दिनारात "परमिट काढून देतो" म्हणणारा कोणी भेटला तर त्याला सिव्हिल आयडीचा फोटो देऊ नका.

बिनधास्त_बाळू

माझं चुकलं. मेव्हण्याच्या मित्राला विचारलं, तो सौदीत होता.

एक शंका: तीन वर्षं झाली की कुवेतमध्ये कफीलच्या, म्हणजे मालकाच्या, परवानगीशिवाय कंपनी बदलता येते ना? मग सरळ बदलून टाकावी.

फरवानियाकर

येते, पण नोटीस देऊन, आणि नवी कंपनी हातात असेल तर. बारा दिवसांच्या प्रश्नाला ते उत्तर नाही. आल्यावर विचार करण्यासारखं नक्की आहे.

मडगावची_लीना

एजंट कोण होता? आमच्याकडे मावशीच्या वेळी एजंटवरच दबाव आणला होता.

खाडीकाठची

महाडचा एक होता. एक लाख दहा हजार घेतले, पावती नाही. आता फोन उचलत नाही.

फरवानियाकर

नोंदणीकृत एजंटला तीस हजार आणि वर जीएसटी, यापेक्षा जास्त घेता येत नाही. त्याचं नाव ई-मायग्रेटच्या यादीत आहे का बघा. असेल तर मुंबईच्या प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्सकडे तक्रार करता येते, परवाना जायच्या भीतीने तो कंपनीला फोनही करेल. यादीत नसेल तर प्रकरण पोलिसांचं. पावती नसली तरी पैसे बँकेतून गेले असतील तर ती नोंद शोधा.

खाडीकाठची

रोख दिले होते. अब्बांनी बोट विकून.

खाडीकाठची

(चार दिवसांनी)

कळवायला उशीर झाला, धावपळ होती. एम्बसीतून कंपनीला फोन गेला. दुसऱ्या दिवशी एचआरच्या बाईने त्याला बोलावून विचारलं, "एम्बसीत कशाला गेलास, आम्हाला सांगायचं होतं." त्याने पाठवलेला मेल उघडून दाखवला. संध्याकाळी ॲपवर परमिट मंजूर दिसलं, तीस दिवसांच्या सुट्टीचं. पासपोर्ट हातात दिला नाही. मंदूब म्हणतो, एअरपोर्टवर आणून देतो. एक कागदही पुढे केला होता, अरबीत. भावाने सांगितलं, आधी फोटो काढून एम्बसीत दाखवतो, मग सही करतो. मंदूबने तो परत खिशात घातला.

थकलेल्यापैकी एक महिन्याचा पगार काल जमा झाला. सुट्टीचे पैसे नाहीत.

फरवानियाकर

बरं झालं. सुट्टीचा पगार निघण्याआधी द्यायचा असतो, तो एकदा मेलवर मागून ठेवा, भांडू नका. पासपोर्ट हातात आला की पहिल्या पानाचा फोटो लगेच तुम्हाला पाठवू दे. आणि इकडे आल्यावर ऑपरेशनच्या गडबडीत परतीची तारीख टळू देऊ नका. सुट्टी वाढवायची झाली तर आधी लेखी मागा, नाहीतर तिकडे गैरहजेरी लागते. सहा महिने देशाबाहेर राहिला तर अकामाच रद्द होतो.

दोहा_डायरी

परत जाऊन पगाराची तक्रार करणार की नाही?

खाडीकाठची

तो नाही म्हणतो. त्याच खोलीत राहायचं, त्याच सुपरवायझरकडे ड्युटी. मी म्हणते कर. अम्मी म्हणते आधी येऊ तर दे.

फरवानियाकर

नोकरी संपल्यापासून एक वर्षाच्या आत दावा करता येतो. तेव्हा आज ठरवायला हवंच असं नाही. पण दर महिन्याचं बँक स्टेटमेंट काढून तुमच्याकडे पाठवत राहू दे.

गॅरेजवाले_काका

विमान कुठलं आहे? मुंबईचं असेल तर गुरुवारी माझा एक पोरगा त्याच वेळेला निघतोय. मंदूब उशीर करतो म्हणून सांगतो, चार तास आधी पोचा म्हणावं. माझा पोरगा काउंटरजवळ थांबेल.

खाडीकाठची

गुरुवारचंच आहे काका. मेसेज करते.